जन्मदाखल्यावरून आलेले ‘आणखी पुरावे पाठवा’ हे पत्र आणि त्यावरील मुदत

प्रश्न : माझा मुलगा अमेरिकेचा नागरिक आहे. त्याने माझ्यासाठी आय-130 हा नातेवाईकाला अमेरिकेत बोलावण्याचा अर्ज भरला होता. आता तिथल्या इमिग्रेशन ऑफिसने आणखी कागदपत्रे मागणारे पत्र पाठवले आहे. पत्रावर 3 मार्च ही तारीख आहे, मुलाला ते 12 मार्चला मिळाले आणि उत्तर 29 मेपर्यंत हवे असे लिहिले आहे. मुलाचा जन्म 1984 साली ठाण्यात, नौपाड्यात झाला. त्याच्या जन्मदाखल्यावर बाळाच्या नावाची जागा कोरी आहे आणि आईचे नाव ‘सुमन’ आहे, जे मला लग्नात ठेवले. माझ्या शाळेच्या दाखल्यावर, नोकरीत आणि पासपोर्टवर ‘शैलजा’ आहे. अर्ज नाकारला गेला आहे का? महापालिकेतून नवा दाखला काढावा का? मुदत वाढवून मिळेल का? (ऐरोली, नवी मुंबई)

उत्तर :

ताई, आपला अर्ज नाकारलेला नाही. हाती असलेल्या कागदांवरून होकार देता येत नाही आणि नकार देण्याइतकेही काही ठरत नाही, अशा वेळी अधिकारी हे पत्र पाठवतो. मात्र या पत्राला उत्तर देण्याची संधी एकदाच मिळते. म्हणून आधी पत्रात नेमके काय विचारले आहे ते पाहू आणि मग मुदतीकडे वळू. मी ठाण्यात अशा कौटुंबिक अर्जांसाठी लागणारी इथली कागदपत्रे जमवण्याचे आणि त्यांची भाषांतरे करण्याचे काम बरीच वर्षे करतो. मी अमेरिकेतील वकील नाही. पुढील मजकूर कागदपत्रांच्या बाजूने लिहिलेला आहे. मुलाने वकील नेमला असेल तर उत्तर त्यांच्याकडूनच जावे आणि माझ्या सूचना त्यांना दाखवाव्यात.

पहिली गोष्ट ही की, अर्ज आपल्या मुलाचा आहे, आपण त्यात लाभार्थी आहात. पत्र त्याच्या नावाने आले, उत्तरावर सही त्याची आणि जबाबदारीही त्याची. आपल्याकडे अनेक घरांत पत्राचा फोटो मोबाइलवर येतो, आईवडील घाबरून कपाटातले सगळे कागद बाहेर काढतात आणि जे सापडेल ते पाठवून देतात. त्यामुळे अधिकाऱ्यापुढे कागदांचा ढीग जातो आणि त्याच्या प्रश्नाचे उत्तर त्यात सापडत नाही. म्हणून मुलाकडून पत्राची सर्व पाने, मागच्या बाजूंसह, नीट स्कॅन करून मागवा. फोटोत कडेचा मजकूर कापला जातो आणि पुष्कळदा पत्ता किंवा तारीख नेमकी तिथेच असते.

या पत्रांची रचना बहुतेक वेळा सारखी असते. सुरुवातीला आपण काय सादर केले ते लिहिलेले असते, त्यानंतर त्यात काय कमी आहे ते सांगणारा एक परिच्छेद असतो आणि मग कोणकोणते पुरावे चालतील याची लांबलचक यादी असते. ही यादी अनेक अर्जदारांसाठी एकच छापलेली असते. तिच्यात पुष्कळ ठिकाणी ‘किंवा’ असते आणि तिच्यातील प्रत्येक वस्तू प्रत्येकाला लागू होत नाही. खरा प्रश्न मधल्या त्या परिच्छेदात असतो. तो परिच्छेद वेगळा काढून त्यातील प्रत्येक वाक्यापुढे ‘याचे उत्तर कोणत्या कागदाने दिले’ असे लिहावे. मी तरी याच पद्धतीने काम सुरू करतो.

आपण सांगितलेल्या तपशिलावरून अधिकाऱ्याला दोन शंका असाव्यात. अमेरिकी नागरिक मुलगा किंवा मुलगी आईसाठी अर्ज करते तेव्हा नाते सिद्ध करणारा मुख्य कागद म्हणजे त्या अपत्याचा जन्मदाखला, ज्यावर अपत्याचे नाव आणि आईचे नाव दोन्ही असतात. आपल्या मुलाच्या दाखल्यावर 1984 साली एक मुलगा जन्मला एवढेच दिसते. तो मुलगा म्हणजेच अर्जदार, हे त्यावरून ठरत नाही. ही पहिली शंका. त्या मुलाची आई ‘सुमन’ आहे आणि पासपोर्ट ‘शैलजा’चा आहे, तेव्हा या दोन बाई एकच का, ही दुसरी शंका. लग्नात सुनेचे पाळण्यातले नाव बदलण्याची आपली रीत इथे कुणाला समजावून सांगावी लागत नाही, पण हजारो मैलांवर बसलेल्या अधिकाऱ्याच्या दृष्टीने ती दोन वेगळी माणसे आहेत. पत्रातील शब्द वेगळे असतील तर ते शब्द प्रमाण माना आणि माझा अंदाज बाजूला ठेवा.

आता मुदत. हे पत्र पाठवताना यूएससीआयएस, म्हणजे अमेरिकेचे इमिग्रेशन कार्यालय, जास्तीत जास्त 12 आठवडे, म्हणजे 84 दिवस देऊ शकते आणि पत्र टपालाने पाठवले असेल तर त्यात टपालाचे 3 दिवस मिळवले जातात. 3 मार्चपासून 87 दिवस मोजले की 29 मे येतो, म्हणजे आपल्याला पूर्ण मुदत दिलेली आहे. हे दिवस पत्रावरील तारखेपासून मोजले जातात, ते हातात पडल्यापासून नव्हे. त्यामुळे पहिले नऊ दिवस टपालातच गेले. सुट्ट्या आणि शनिवार-रविवार यातच धरलेले असतात. शेवटचा दिवस शनिवार, रविवार किंवा अमेरिकेची केंद्रीय सुट्टी असेल तर तो पुढच्या कामाच्या दिवसावर जातो, पण त्या सवलतीवर विसंबून काहीही आखू नये.

याहून महत्त्वाचे म्हणजे 29 मे हा उत्तर पोहोचण्याचा दिवस आहे. त्या दिवशी कुरिअरच्या खिडकीवर पाकीट दिल्याची पावती इथे उपयोगाची नाही. आपल्याकडे ‘पोस्टाचा शिक्का मुदतीतला आहे’ हा युक्तिवाद अनेक ठिकाणी चालतो, तो या कार्यालयात चालत नाही. मुदत वाढवून मागण्याची सोयही नियमातच नाही. अधिकाऱ्याला दया आली तरी तो ती वाढवू शकत नाही. महापालिकेचा दाखला आला नाही, घरात आजारपण होते, मार्चअखेर होती, यांतील कोणत्याही कारणाने तारीख पुढे जात नाही.

आणखी एक नियम लोकांना उशिरा कळतो. मागितलेले सर्व पुरावे एकाच वेळी, एकाच उत्तरात द्यावे लागतात. आज दाखला पाठवू आणि प्रतिज्ञापत्रे नंतर पाठवू, असे करता येत नाही. अर्धे उत्तर पाठवले तर ‘आहे त्या कागदांवर निर्णय द्या’ अशी आपली विनंती आहे असे समजले जाते. उत्तरच पाठवले नाही तर अर्ज सोडून दिल्याचे मानून तो नाकारला जातो. अशा नकाराविरुद्ध अपील करता येत नाही, केवळ प्रकरण पुन्हा उघडण्याची विनंती करता येते आणि तिला फार मोजकी कारणे चालतात. म्हणून माझा आग्रह असा की, एखादा कागद कमी असला तरी उत्तर मुदतीत जायलाच हवे आणि जो कागद नाही तो का नाही याचा पुरावा त्यासोबत जायला हवा.

नकार आलाच तर किती नुकसान होते, हे नात्यावर अवलंबून आहे. प्रौढ अमेरिकी नागरिकाच्या आईवडिलांना वार्षिक कोट्याची मर्यादा नाही, त्यामुळे नवा अर्ज भरून पुन्हा सुरुवात करता येते. वेळ आणि शुल्क जाते, पण रांगेतली जागा जात नाही, कारण तिथे रांगच नाही. भावासाठी किंवा बहिणीसाठी केलेल्या अर्जाची गोष्ट वेगळी आहे. तिथे मूळ अर्जाच्या तारखेवर अनेक वर्षांची प्रतीक्षा उभी असते आणि अर्ज नाकारला गेला की ती तारीखही जाते. अशा घरांनी या पत्राला वकिलाशिवाय उत्तर देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता आपल्या दोन शंकांपैकी पहिली घेऊ, म्हणजे दाखल्यावरील कोरी जागा. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम 1969 च्या कलम 14 मध्ये याचीच तरतूद आहे. जन्माची नोंद बाळाच्या नावाशिवाय झाली असेल तर नाव नंतर त्याच नोंदीत घालता येते. सर्वसाधारण नियम नोंदणीपासून 15 वर्षांचा आहे आणि त्याहून जुन्या नोंदींसाठी शासन वेळोवेळी अधिसूचना काढून वाढीव मुदत देत आले आहे. अशी मुदत आज चालू आहे का, हे खिडकीवर पहिल्याच दिवशी विचारा, कारण पुढची सगळी आखणी त्यावर ठरते. अर्ज ऐरोलीत, नवी मुंबई महापालिकेत करू नका. नोंद जन्म झालेल्या ठिकाणी असते, राहण्याच्या ठिकाणी नसते. आपली नोंद ठाणे महानगरपालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणी विभागाकडे आहे. सोबत जुना दाखला, मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला, त्याच्या पासपोर्टची प्रत आणि आपली ओळखपत्रे न्या. मुलगा इथे नसल्यामुळे त्याच्या सहीचे अधिकारपत्र मागितले जाऊ शकते, ते आजच तयार ठेवा.

नाव घातल्यावर जो दाखला मिळेल त्यावर नोंदणी क्रमांक आणि नोंदणीची तारीख 1984 चीच आहे ना, हे खिडकीवरच तपासा. अमेरिकी अधिकारी दाखल्यावर सर्वांत आधी नोंदणीची तारीख पाहतो. जन्मानंतर लगेच झालेली नोंद त्याच्या दृष्टीने भक्कम असते, तर चाळीस वर्षांनी झालेल्या नोंदीकडे तो संशयाने पाहतो, कारण तोवर नाते दाखवण्याची गरज निर्माण झालेली असते. म्हणूनच ‘नवा दाखला काढावा का’ याचे माझे उत्तर असे की, जुन्याच नोंदीत नाव घालून घ्यावे, पण विलंबित नोंदणीची नवी प्रक्रिया सुरू करू नये. काही ओळखीचे लोक ‘जुने सोडा, नव्याने नोंद करून देतो’ असे सुचवतात. एकाच जन्माच्या दोन नोंदी झाल्या तर आज केवळ अपुरा असलेला पुरावा उद्या परस्परविरोधी ठरतो आणि मग प्रश्न प्रामाणिकपणावर येतो. हे कोणत्याही परिस्थितीत करू नका.

नावाची नोंद होत नाही असे कार्यालयाने सांगितले तर ते लेखी मागा. आपल्या अर्जाची पोच आणि कार्यालयाचे उत्तर हे दोन्ही कागद अमेरिकेत उपयोगी पडतात. मग कोरी जागा दुय्यम पुराव्यांनी भरायची. त्यात सर्वांत चांगला पुरावा म्हणजे मुलाच्या पहिल्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा. त्यात नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ आणि प्रवेशाची तारीख असते आणि ती नोंद तो पाच-सहा वर्षांचा असताना झालेली असते. जन्मतारीख, जन्मस्थळ आणि वडिलांचे नाव जन्मदाखल्याशी जुळले की नौपाड्यात जन्मलेला तो मुलगा हाच, ही गोष्ट बरीचशी सिद्ध होते. शाळा आणि महापालिका या दोन्ही ठिकाणी एकाच आठवड्यात जा. एकाचे उत्तर येईपर्यंत दुसरे काम थांबवू नका.

ज्यांच्या घरात जन्माची नोंदच नाही, त्यांच्यासाठी मार्ग थोडा वेगळा आहे आणि या विषयावर विचारणा पुष्कळ होते म्हणून तो सांगतो. 1969 चा हा कायदा 1 एप्रिल 1970 पासून लागू झाला. त्याआधीच्या पुष्कळ जन्मांच्या नोंदी मिळतच नाहीत. अशा वेळी नोंदणी कार्यालयाकडून नोंद उपलब्ध नसल्याचे प्रमाणपत्र घ्यावे लागते आणि मग शाळेचे कागद व प्रतिज्ञापत्रे जोडावी लागतात. आपली नोंद अस्तित्वात आहे, त्यामुळे आपल्याला ते प्रमाणपत्र लागत नाही आणि ते मागूही नये.

दुसरी शंका दोन नावांची. आपल्या प्रकरणात खरे काम इथेच आहे. पुष्कळ जणांना वाटते की जन्मदाखल्यात ‘सुमन’चे ‘शैलजा’ करून घेतले की प्रश्न मिटला. मला ते पटत नाही. कायद्याचे कलम 15 चुकीची नोंद दुरुस्त करण्यासाठी आहे. 1984 साली आपल्याला सासरी सुमन म्हणत होते आणि प्रसूतिगृहात तेच नाव सांगितले गेले, म्हणजे ती नोंद त्या दिवशी चूक नव्हती. शिवाय मूळ दाखल्याची प्रत आधीच अधिकाऱ्याच्या फाइलमध्ये आहे. पत्र आल्यानंतर आईचे नाव बदललेला दाखला पाठवला तर शंका मिटण्याऐवजी वाढते. नोंद आहे तशी राहू द्यावी आणि दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत हे वेगळ्या कागदांनी दाखवावे. राजपत्रात नाव बदलल्याची जाहिरात देण्याबद्दलही मी याच कारणाने सावध असतो. राजपत्र सांगते की अमुक नाव बदलून तमुक केले, आणि तीही आपण आज केलेल्या घोषणेवरून. आपण नाव आज बदललेले नाही. गेली चाळीसहून अधिक वर्षे दोन्ही नावे आपलीच आहेत आणि सांगायचेही तेवढेच आहे.

मग काय शोधायचे? घरात असा एक तरी जुना कागद शोधा ज्यावर दोन्ही नावे शेजारी शेजारी आहेत. ‘शैलजा उर्फ सुमन’ असे लिहिलेला कागद आपल्याकडच्या घरांत बहुधा असतो, पण तो कुठल्या फाइलमध्ये आहे हे लक्षात नसते. घर घेतानाचे करारपत्र, सोसायटीचे भागपत्र किंवा नामनिर्देशनाचा अर्ज, बँकेतील जुन्या खात्याचा नाव-दुरुस्ती अर्ज, आपल्या यजमानांच्या सेवापुस्तकातील कुटुंबाचा तपशील, विमा पॉलिसीतील वारस, गावाकडच्या सातबाऱ्यावरील वारसनोंद, या ठिकाणी ‘उर्फ’ सापडण्याची शक्यता असते. असा कागद मिळाला आणि तो या अर्जाच्या कितीतरी आधीचा असला, तर एकट्या त्या कागदाचे वजन आज केलेल्या प्रतिज्ञापत्रांपेक्षा जास्त आहे, कारण तो तयार झाला तेव्हा अमेरिकेचा विषयच नव्हता.

तो मिळाला नाही तर दोन्ही नावे एका तिसऱ्या व्यक्तीमार्फत जोडावी लागतात, आणि ती व्यक्ती म्हणजे आपले यजमान. शाळेच्या दाखल्यावर शैलजा आणि आपले माहेरचे नाव. लग्नपत्रिकेत शैलजा आणि यजमानांचे पूर्ण नाव, लग्नाच्या तारखेसह. विवाह नोंदणी प्रमाणपत्र असल्यास त्यावर दोघांची नावे. जन्मदाखल्यावर वडील म्हणून तेच यजमान आणि आई म्हणून सुमन. जुन्या शिधापत्रिकेवर तेच यजमान, पत्नी आणि मुलगा. मुलाच्या जुन्या भारतीय पासपोर्टच्या शेवटच्या पानावर आईवडिलांची नावे छापलेली असतात. तिथे शैलजा असेल तर तो फार उपयुक्त पुरावा आहे, कारण भारत सरकारच्या कागदावर मुलगा आणि शैलजा एकत्र आलेले असतात. अमेरिकी नागरिकत्व घेतल्यावर तो पासपोर्ट रद्द झाला असला तरी रद्द झालेली पुस्तिका बहुतेकांकडे असते. मुलाला आजच शोधायला सांगा.

अधिकारी संपूर्ण निश्चिती मागत नाही. दावा खोटा असण्यापेक्षा खरा असण्याची शक्यता जास्त आहे, एवढे त्याला पटावे लागते. म्हणून एखादी कडी कमकुवत असली तरी खचू नये, पण दोन कागद एकमेकांविरुद्ध बोलत असतील तर त्याचे स्पष्टीकरण आपण होऊन द्यावे. उदाहरणार्थ, शिधापत्रिकेवर सुमन आणि पासपोर्टवर शैलजा असेल तर ते लपवण्याचे कारण नाही, उलट तोच आपला मुद्दा आहे. आय-130 मध्ये लाभार्थीने वापरलेली इतर नावे विचारलेली असतात. मुलाने तिथे ‘सुमन’ लिहिले होते का, ते त्याच्याकडच्या प्रतीत पाहायला सांगा. राहून गेले असेल तर उत्तराच्या पत्रात ते सरळ नमूद करावे.

प्रतिज्ञापत्रे शेवटी येतात. ती कमीत कमी दोन असावीत आणि या अर्जात पक्षकार नसलेल्या, प्रत्यक्ष माहिती असलेल्या व्यक्तींची असावीत. आपले किंवा मुलाचे प्रतिज्ञापत्र या दोनांत मोजू नका. आपली थोरली बहीण, नणंद किंवा त्या वेळच्या शेजारीण यांच्यापैकी जी व्यक्ती लग्नाला हजर होती आणि प्रसूतीच्या वेळी येत-जात होती ती सर्वांत योग्य. नोटरीकडे तयार मजकूर असतो, ‘मी यांना चांगले ओळखते आणि या दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे’, तेवढ्यावर सही घेऊन लोक मोकळे होतात. अशा प्रतिज्ञापत्राला जवळपास काहीच वजन नसते. त्यात प्रतिज्ञापत्र करणाऱ्याचे पूर्ण नाव, पत्ता, जन्मतारीख व जन्मस्थळ, आपल्याशी असलेले नाते, घटना काय घडली आणि ती त्यांना कशी माहीत आहे, हे सगळे हवे. लग्न कुठे झाले, नाव कधी व कोणी ठेवले, त्यानंतर सासरी कोणत्या नावाने हाक मारत, माहेरी कोणत्या, मुलगा कोणत्या प्रसूतिगृहात जन्मला, त्या वेळी त्या स्वतः कुठे होत्या, हे त्यांच्याच शब्दांत लिहावे. नणंदेचे आणि बहिणीचे प्रतिज्ञापत्र शब्दशः सारखे असेल तर दोन्ही निकामी होतात.

भाषांतराविषयी थोडक्यात सांगतो. मराठीतील प्रत्येक कागदासोबत पूर्ण इंग्रजी भाषांतर हवे, शिक्के आणि समासातील शेऱ्यांसह. भाषांतरकाराने भाषांतर पूर्ण व अचूक असल्याचे आणि आपण ते करण्यास सक्षम असल्याचे प्रमाणित करून नाव, सही, पत्ता आणि तारीख द्यावी. त्याला नोटरी लागत नाही. नात्यातल्या माणसाने भाषांतर करू नये, असा माझा सल्ला आहे. देवनागरीत ‘शैलजा’ असेल तिथे पासपोर्टवरील स्पेलिंग वापरणे योग्य आहे, पण कागदावर ‘सुमन’ असेल तिथे सोयीसाठी शैलजा लिहिणे हे भाषांतर नव्हे, ती खाडाखोड आहे.

मूळ कागद पाठवावे का, ही भीती बहुतेकांना असते. पत्रात मूळ प्रत स्पष्टपणे मागितलेली नसेल तर वाचता येण्याजोग्या छायाप्रती चालतात. जुना जन्मदाखला, शिधापत्रिका, लग्नपत्रिका घरीच ठेवा आणि रंगीत स्कॅन करून मुलाला ई-मेल करा. तो तिकडे छापून घेईल. यामुळे आंतरराष्ट्रीय कुरिअरचे दिवस वाचतात. नव्याने केलेली प्रतिज्ञापत्रे मात्र मी मूळच पाठवतो आणि त्यांचे स्कॅन आधीच पाठवून ठेवतो.

आता हे सगळे आपल्या तारखांत बसवू. मार्चमध्येच महापालिका आणि शाळा या दोन्ही ठिकाणी अर्ज देऊन पोच घ्या. मार्चअखेरची गर्दी, मग गुढीपाडव्याच्या सुमाराच्या सुट्ट्या, 14 एप्रिल आणि 1 मे, असे इथल्या कार्यालयांचे दिवस जातात आणि त्यातला एकही दिवस अमेरिकेच्या मुदतीतून वजा होत नाही. प्रतिज्ञापत्रांचा मजकूर एप्रिलच्या मध्यापर्यंत पक्का करून सह्या घ्या. 30 एप्रिल ही आपली आतली सीमा ठेवा. त्या दिवसापर्यंत नाव घातलेला दाखला हातात आला नाही, तर त्याची वाट पाहणे थांबवून अर्जाची पोच, शाळेचा उतारा आणि एक स्पष्टीकरण यांवर संच पूर्ण करायचा. मेच्या पहिल्या आठवड्यात भाषांतरे संपवून प्रतिज्ञापत्रे कुरिअरने रवाना करायची. मुलाने मेच्या मध्यापर्यंत उत्तर पोहोचेल अशा बेताने पाठवावे, म्हणजे काही परत आले तरी दुसऱ्यांदा पाठवता येते. मेच्या शेवटच्या सोमवारी अमेरिकेत मेमोरियल डेची सुट्टी असते, तेव्हा तो शेवटचा आठवडा मोजूच नये.

मुलाच्या ऑनलाइन खात्यात या प्रकरणासमोर उत्तर देण्याचा पर्याय दिसत असेल तर तिथे सर्व कागद अपलोड करणे सर्वांत सुरक्षित आहे, कारण टपालाचा धोकाच राहत नाही. तिथेही सगळे एकदाच द्यायचे आहे, म्हणून संच पूर्ण होईपर्यंत सादर करण्याचे बटण दाबू नये. कागदावर पाठवायचे असेल तर यूएससीआयएसचे मूळ पत्र सर्वांत वर ठेवावे, त्याखाली मुलाच्या सहीचे उत्तराचे पत्र आणि मग कागद. पत्ता याच पत्रावरचा वापरावा, अर्ज भरताना वापरलेला जुना नव्हे. काही पत्रांवर टपालासाठी एक आणि खासगी कुरिअरसाठी दुसरा पत्ता असतो, तोही पाहून घ्यावा. स्पायरल बाइंडिंग आणि प्लॅस्टिकचे फोल्डर टाळावेत, कारण तिथे कागद सुटे करून स्कॅन होतात.

उत्तराच्या पत्राला मी फार महत्त्व देतो. दोन पानांत आटोपावे. पहिल्या परिच्छेदात अधिकाऱ्याची पहिली शंका त्याच्याच शब्दांत, मग तिचे उत्तर आणि कोणत्या क्रमांकाच्या कागदात ते दिसते. तसेच दुसऱ्या शंकेचे. लग्नानंतर स्त्रीचे पहिले नाव बदलण्याची महाराष्ट्रातील प्रथा दोन-तीन वाक्यांत साधेपणाने सांगावी. भावनिक विनवणी, आपले वय, एकटेपणा यांचा या टप्प्यावर निर्णयाशी संबंध नाही, कारण इथे नाते सिद्ध होते की नाही एवढेच पाहिले जाते.

काही पत्रांत डीएनए चाचणीचाही उल्लेख असतो. ती ऐच्छिक असते आणि मान्यताप्राप्त प्रयोगशाळेमार्फतच चालते. अमेरिकेतील प्रयोगशाळा नमुना घेण्याचे साहित्य थेट ठरलेल्या अधिकृत ठिकाणी पाठवते, आपण ठाण्यातल्या एखाद्या लॅबमध्ये करून घेतलेला अहवाल ग्राह्य धरला जात नाही. आई आणि मुलगा यांच्या बाबतीत तिचा निकाल निर्णायक असतो, पण या सगळ्याला वेळ लागतो. पत्रात तसा पर्याय दिला असेल आणि ‘उर्फ’चा कागद किंवा जुना पासपोर्ट यांपैकी काहीच मिळत नसेल, तर मुलाने याच आठवड्यात प्रयोगशाळेशी बोलावे, एप्रिलअखेरपर्यंत थांबू नये.

आपल्या यजमानांसाठीही अर्ज केलेला असेल तर तो स्वतंत्र असतो, एकाच्या अर्जात दुसरा येत नाही. त्यांच्या अर्जावर वेगळे पत्र आले तर त्याचे उत्तर वेगळ्या पाकिटात, त्याच्याच मूळ पत्रासह द्यावे. वडिलांच्या अर्जात आईवडिलांच्या विवाहाचा पुरावाही लागतो, त्यामुळे तिथेही सुमन-शैलजाचा प्रश्न पुन्हा येईल आणि हेच कागद उपयोगी पडतील.

उत्तर पोहोचल्याची नोंद ऑनलाइन स्थितीत काही दिवसांत दिसते. पोहोचवल्याची कुरिअर पावती तोवर आणि त्यानंतरही जपून ठेवावी. निर्णय किती दिवसांत येईल हे कार्यालयागणिक बदलते. पाठवलेल्या संपूर्ण संचाची, उत्तराच्या पत्रासह, एक छापील प्रत ऐरोलीला आपल्याकडे ठेवा. आय-130 मंजूर झाल्यावर प्रकरण व्हिसाचे कागद जमा करणाऱ्या नॅशनल व्हिसा सेंटरकडे आणि पुढे वांद्रे-कुर्ला संकुलातील अमेरिकी वाणिज्य दूतावासात मुलाखतीला येते. तिथला अधिकारी दोन नावांबद्दल पुन्हा विचारू शकतो, आणि तेव्हा आपण सांगाल ते आणि मुलाने लिहून दिले ते एकच असायला हवे.